ग्रेडियंट बूस्टिंग: उरलेल्या चुकीवर झाड, त्यावर पुन्हा झाड. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीन लर्निंग शिकवताना आणि कामात वापरताना ग्रेडियंट बूस्टिंगबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा समोर येतात. बहुतेकांनी `learning_rate` आणि `max_depth` हे दोन आकडे बदलून पाहिलेले असतात, पण ते बदलल्यावर आत काय होतं हे कागदावर कधी केलेलं नसतं. म्हणून इथे सहा ओळींचा एक डेटा घेतला आहे आणि बहुतेक उत्तरं त्याच्याच आधाराने दिली आहेत. कागद-पेन्सिल जवळ असेल तर उत्तम.

प्रश्न: ग्रेडियंट बूस्टिंग एका वाक्यात काय करतं?

आधी सगळ्यांसाठी एकच ढोबळ अंदाज धरतं, प्रत्येक ओळीत त्या अंदाजाची चूक किती उरली ते मोजतं, त्या उरलेल्या चुकीवर एक छोटं डिसिजन ट्री बसवतं, त्या झाडाच्या उत्तराचा थोडासा भाग जुन्या अंदाजात मिळवतं आणि मग नव्याने उरलेल्या चुकीवर पुढचं झाड बसवतं.

यातला ‘थोडासा भाग’ म्हणजे श्रिंकेज किंवा लर्निंग रेट, आणि ‘छोटं झाड’ म्हणजे किती छोटं हे ठरवते ती खोली. हा लेख मुख्यतः या दोन गोष्टींबद्दल आहे.

प्रश्न: उरलेली चूक, म्हणजे रेसिड्युअल, नेमकी कशी काढतात? आकडे घालून दाखवा.

समजा एकाच वस्तीतले सहा फ्लॅट आहेत. क्षेत्रफळावरून महिन्याच्या भाड्याचा अंदाज करायचा आहे. आकडे कल्पित आहेत, हाताने गणित करता यावं म्हणून सोपे ठेवलेत.

| क्षेत्रफळ (चौ. फूट) | भाडं (हजार रु.) |
|---|---|
| ३५० | १० |
| ४५० | १२ |
| ५५० | १४ |
| ७०० | २८ |
| ८५० | २२ |
| १००० | ३४ |

पाचवा फ्लॅट जरा विचित्र आहे. मालकाने तो ओळखीतल्या माणसाला स्वस्तात दिलाय असं समजा. मॉडेलला अर्थातच हे माहीत नाही.

सुरुवातीचा अंदाज म्हणजे सगळ्यांची सरासरी, २० हजार. खऱ्या भाड्यातून २० वजा केले की रेसिड्युअल येतात: −१०, −८, −६, ८, २, १४. पहिलं झाड भाड्यावर बसत नाही, या सहा आकड्यांवर बसतं. एकच स्प्लिट, म्हणजे ओळींचे दोन गट पाडणारा एकच छेद, करायची परवानगी दिली, म्हणजे खोली १ ठेवली, तर झाड पाचही जागा तपासतं आणि चुकांच्या वर्गांची बेरीज जिथे सर्वांत जास्त उतरते ती जागा घेतं. इथे ती जागा ५५० आणि ७०० च्या मधोमध, ६२५ चौरस फुटांवर आहे. झाडाच्या टोकाला पडणाऱ्या अशा गटाला पान म्हणतात. डाव्या पानात −१०, −८, −६ पडतात, त्यांची सरासरी −८. उजव्या पानात ८, २, १४, त्यांची सरासरी ८.

चुकांच्या वर्गांची बेरीज आधी ४६४ होती. ही दोन पानं पूर्ण लागू केली तर ती ८० वर येते. वस्तीतली मोठी गोष्ट, म्हणजे लहान फ्लॅट आणि मोठे फ्लॅट यांच्या भाड्यातला फरक, एका झाडाने पकडली.

प्रश्न: मग झाडाचं उत्तर पूर्णच का नाही मिळवायचं? दुसऱ्या झाडात काय बिघडतं?

पूर्ण मिळवून पाहू, म्हणजे लर्निंग रेट १. आता अंदाज पहिल्या तिघांसाठी १२ आणि पुढच्या तिघांसाठी २८. नवे रेसिड्युअल: −२, ०, २, ०, −६, ६.

दुसऱ्या झाडाला आता दिसतात फक्त ही उरलेली लहानमोठी टोकं. ६२५ वर पुन्हा स्प्लिट करून काहीच मिळत नाही, कारण दोन्ही बाजूंची सरासरी आता शून्य आहे. सर्वांत फायद्याची जागा निघते ९२५ चौरस फूट: उजवीकडे एकटा हजार फुटांचा फ्लॅट आणि डावीकडे उरलेले पाच. उजव्या पानाची किंमत ६, डाव्याची −१.२.

हे पूर्ण मिळवलं की दोन गोष्टी एकदम होतात. हजार फुटांच्या फ्लॅटचा अंदाज थेट ३४ होतो, चूक शून्य. म्हणजे एका ओळीचं भाडं मॉडेलने पाठ केलं. आणि उरलेल्या पाचही फ्लॅटांचा अंदाज १२०० रुपयांनी उतरतो, त्यात तीन लहान फ्लॅटही आले. त्यांचा हजार फुटांच्या फ्लॅटशी काही संबंध नव्हता. ५५० फुटांच्या फ्लॅटची चूक दोन हजारांवरून ३२०० वर जाते. चुकांच्या वर्गांची बेरीज मात्र ८० वरून ३६.८ वर आलेली असते, त्यामुळे ट्रेनिंगचा आकडा बघणाऱ्याला सगळं छान चाललंय असं वाटतं. तिसरं झाड मग दुसऱ्याने केलेली पडझड सावरत बसतं.

प्रश्न: लर्निंग रेट ०.१ ठेवला तर हेच सहा फ्लॅट कसे दिसतात?

पहिलं झाड तेच, पानांच्या किमती त्याच −८ आणि ८, पण मिळवायचा फक्त दहावा भाग. अंदाज १९.२ आणि २०.८ होतात. रेसिड्युअल: −९.२, −७.२, −५.२, ७.२, १.२, १३.२.

आता गंमत बघा. मोठा फरक अजून जवळजवळ तसाच शिल्लक आहे, त्यामुळे दुसरं झाडही ६२५ वरच स्प्लिट करतं. या वेळी पानांची किंमत −७.२ आणि ७.२, म्हणजे पहिल्याच्या ०.९ पट. तिसरं, चौथं, पाचवं झाडही तिथेच. पाच झाडांनंतर अंदाज साधारण १६.७ आणि २३.३ होतात आणि दोन गटांतली उरलेली सरासरी तफावत प्रत्येकी ४.७२ वर येते.

सहाव्या झाडावर पारडं फिरतं. ६२५ वर स्प्लिट करून मिळणारी घट आता १३३.९ आहे आणि ९२५ वर १३८. म्हणून सहावं झाड हजार फुटांच्या फ्लॅटकडे वळतं. पण त्यालाही दहावाच भाग मिळतो: त्याची उरलेली चूक १०.७२, त्यातून भरली जाते १.०७. बाकीच्या पाचांवर होणारी उतराई फक्त ०.२१, म्हणजे सुमारे २१४ रुपये. सातवं झाड पुन्हा ६२५ वर परततं.

स्वतः पडताळून पाहायचं असेल तर एवढा कोड पुरे:

```python
import numpy as np
from sklearn.tree import DecisionTreeRegressor

X = np.array([[350], [450], [550], [700], [850], [1000]])
y = np.array([10, 12, 14, 28, 22, 34])

F = np.full(6, y.mean())
for m in range(7):
    t = DecisionTreeRegressor(max_depth=1).fit(X, y - F)
    F += 0.1 * t.predict(X)
    print(m + 1, t.tree_.threshold[0], F.round(2))
```

छापून येणाऱ्या दुसऱ्या रकान्यात पाच वेळा ६२५, मग ९२५, मग पुन्हा ६२५ दिसेल. बूस्टिंगची पूर्ण लायब्ररी न वापरता हा लूप एकदा चालवून बघावा असं माझं मत आहे. `F` कसा सरकतो ते डोळ्यांनी पाहिलं की पॅरामीटरची यादी पाठ करावी लागत नाही.

प्रश्न: पण लर्निंग रेट १ ठेवून पहिल्याच झाडावर थांबलो असतो तर १२ आणि २८ हे उत्तम अंदाज मिळाले असते. श्रिंकेजने उलट उशीरच केला. खरं ना?

या सहा ओळींपुरतं अगदी खरं. इथे सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, एक पायरी, आणि ती एका स्प्लिटमध्ये मावते. खऱ्या डेटात तसं नसतं. क्षेत्रफळाचा परिणाम हळूहळू चढत जातो, सोबत मजला, स्टेशनपासूनचं अंतर, इमारतीचं वय अशा पंधरावीस गोष्टी असतात, त्यातल्या काही एकमेकींशी जोडलेल्या असतात. पूर्ण पावलाने चालणारं पहिलं झाड ज्या गोष्टीवर स्प्लिट करतं ती सगळं श्रेय घेऊन जाते. तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीसाठी काही उरतच नाही, आणि ती पहिली निवड थोडी नशिबाचीही असू शकते. ओळी जरा बदलल्या असत्या तर स्प्लिट ६२५ ऐवजी ५८० वर आला असता. लहान पावलाने चाललं की शेकडो झाडं थोड्या वेगळ्या जागी, वेगळ्या गोष्टींवर स्प्लिट करतात आणि शेवटचा अंदाज एका टोकदार पायरीऐवजी बारीक पायऱ्यांचा उतार होतो.

दुसरं कारण थांबण्याशी जोडलेलं आहे. लर्निंग रेट १ असताना थांबायच्या जागा फार दूर दूर असतात: एका झाडावर हजार फुटांचा फ्लॅट सहा हजारांनी चुकतो, पुढच्याच झाडावर शून्याने. मधे कुठे थांबताच येत नाही. ०.१ ला ती चूक टप्प्याटप्प्याने भरते, त्यामुळे व्हॅलिडेशन डेटा, म्हणजे झाडं बसवताना बाजूला ठेवलेल्या ओळी, बघून मधली जागा निवडता येते. श्रिंकेज स्वतःहून ओव्हरफिटिंग, म्हणजे ट्रेनिंगचा डेटा पाठ करणं, थांबवत नाही. ०.०१ लर्निंग रेट ठेवून लाखभर झाडं लावली तरी मॉडेल डेटा पाठ करेलच. श्रिंकेज आणि योग्य वेळी थांबणं ही जोडी आहे, एकटं श्रिंकेज अर्धवट आहे.

प्रश्न: मॉडेलला पाचवा फ्लॅट ओळखीने दिलाय हे कळत नाही, तर ते खरी गोष्ट आणि योगायोग वेगळं कसं करतं?

करत नाही. बूस्टिंग फक्त चुकीचा आकार आणि किती ओळी एकाच दिशेने चुकतायत एवढंच बघतं. आपल्या सहा ओळींत तीन-तीन ओळी मिळून सरासरी आठने चुकत होत्या, म्हणून एका ओळीच्या चौदापेक्षा त्या आधी पकडल्या गेल्या. म्हणून अनेक ओळींत सारखी दिसणारी गोष्ट लवकर आत येते आणि एकेकट्या ओळीची विचित्र गोष्ट उशिरा येते. आपल्या उदाहरणात हजार फुटांच्या फ्लॅटचं ३४ हजार भाडं कदाचित अगदी खरं असेल, आणि ८५० चं २२ ही सूट असेल. मॉडेलच्या दृष्टीने दोन्ही सहा-सहा हजारांच्या चुकाच. उशिरा येतं ते बहुतेक वेळा योगायोग असतं, या भरवशावर आपण मधे थांबतो. भरवसा नेहमी खरा ठरत नाही: डेटात एखादा लहान पण खरा गट असेल तर लवकर थांबल्यावर तोही बाहेर राहतो.

प्रश्न: लर्निंग रेट कमी केला तर झाडं किती वाढवायची?

ढोबळमानाने, रेट दहापट कमी तर झाडं दहापट जास्त. एखाद्या पानातल्या त्याच ओळींवर पुन्हा पुन्हा झाडं बसली असं धरलं, तर प्रत्येक झाडानंतर चुकीचा (१ − रेट) एवढा भाग उरतो. ०.१ रेटला चूक दहाव्या हिश्श्यावर यायला २२ झाडं लागतात, ०.०१ ला सुमारे २३०. म्हणून रेट निम्मा करून झाडांची संख्या तशीच ठेवणं आणि मग ‘कमी रेटने मॉडेल बिघडलं’ म्हणणं यात अर्थ नाही. ते बिघडलेलं नाही, अर्ध्यात थांबलं आहे.

माझी पद्धत अशी: रेट ०.०५ किंवा ०.१ ठेवायचा, झाडांची कमाल संख्या मुद्दाम जास्त द्यायची, आणि किती झाडं घ्यायची ते व्हॅलिडेशनवर ठरू द्यायचं. दोन्ही आकडे एकत्र शोधत बसण्यात वेळ वाया जातो, कारण ते एकमेकांची जागा घेतात.

प्रश्न: खोली वाढवली की नेमकं काय वाढतं?

दोन वेगळ्या गोष्टी वाढतात आणि त्या वेगळ्याच ठेवून बघायला हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे एका झाडात किती बारीक तुकडे पडतात. आपल्या सहा फ्लॅटांवर खोली २ दिली की पहिल्याच झाडात हजार फुटांचा फ्लॅट एकटा एका पानात जातो. खोली ३ दिली की सहाही फ्लॅट आपापल्या पानात, आणि रेट १ असेल तर ट्रेनिंगची चूक पहिल्याच झाडावर शून्य. आता हे मॉडेल नव्या फ्लॅटला काय सांगतं बघा: ७६० चौरस फुटांच्या फ्लॅटला २८ हजार, आणि त्याच वस्तीतल्या ८०० चौरस फुटांच्या फ्लॅटला २२ हजार. ७७५ ते ९२५ या पूर्ण पट्ट्यात येणाऱ्या प्रत्येक फ्लॅटला ओळखीची सूट मिळते. ओव्हरफिटिंग म्हणजे काय ते याहून स्पष्ट दाखवणं अवघड आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं: किती गोष्टींचा परिणाम मिळून पकडता येतो. खोली १ च्या झाडात एकच स्प्लिट, म्हणजे एकच गोष्ट. अशी हजार झाडं मिळवली तरी उत्तर म्हणजे क्षेत्रफळाचा परिणाम अधिक मजल्याचा परिणाम अधिक लिफ्टचा परिणाम, अशी बेरीजच राहते. ‘लिफ्ट नसेल तरच वरच्या मजल्याचं भाडं पडतं’ हे या बेरजेत बसत नाही.

चार घरं घेऊ. तळमजला, लिफ्ट नाही: १८ हजार. तळमजला, लिफ्ट आहे: १८. पाचवा मजला, लिफ्ट नाही: १२. पाचवा मजला, लिफ्ट आहे: २०, कारण वर हवा चांगली आणि चढायचा त्रास नाही. सरासरी १७. मजल्यानुसार सरासरी १८ आणि १६, लिफ्टनुसार १५ आणि १९. नुसत्या बेरजेने जास्तीत जास्त चांगले अंदाज निघतात ते १६, २०, १४ आणि १८. चारही घरांत दोन हजारांची चूक उरते: +२, −२, −२, +२. आता मजल्यावर स्प्लिट करा किंवा लिफ्टवर, दोन्ही बाजूंची सरासरी शून्यच येते. खोली १ ची आणखी दहा हजार झाडं लावली तरी हे दोन हजार हलत नाहीत. खोली २ चं झाड मात्र लिफ्टखाली मजला असा दुसरा स्प्लिट करतं आणि चारही घरं वेगळी होतात.

तेव्हा खोली निवडताना प्रश्न असा विचारावा: माझ्या विषयात किती गोष्टी एकमेकींत अडकून परिणाम करतात? दोन-तीन असतील तर खोली ३ ते ५ पुरते. हेस्टी, टिबशिरानी आणि फ्रीडमन या संख्याशास्त्रज्ञांची शिफारस झाडाला चार ते आठ पानं ठेवण्याची होती, आणि तक्त्यांच्या साध्या डेटावर ती अजून चांगली सुरुवात आहे.

प्रश्न: म्हणजे खोली १ ठेवली तर ओव्हरफिटिंग होणारच नाही?

होईल. क्षेत्रफळासारख्या एकाच गोष्टीवर वेगवेगळ्या जागी स्प्लिट करणारी पुरेशी झाडं मिळवली की कोणताही पायऱ्यांचा आलेख तयार होतो, त्यात आपले सहाही फ्लॅट पाठ होतात. फक्त त्याला बरीच झाडं लागतात आणि तोपर्यंत थांबायची संधी मिळते.

प्रश्न: रँडम फॉरेस्टमध्ये झाडं खोल चालतात, इथे का नाही?

तिथे प्रत्येक झाड स्वतंत्रपणे पूर्ण उत्तर देतं आणि शेवटी सरासरी घेतात, त्यामुळे एकेका झाडाचा चंचलपणा एकमेकांत जिरतो. झाडं वाढवल्याने फॉरेस्ट ओव्हरफिट होत नाही. बूस्टिंगमध्ये प्रत्येक झाड आधीच्यांची उरलेली चूक भरतं आणि सगळ्यांची बेरीज होते, म्हणून झाडं वाढली की मॉडेल खरोखर जास्त गुंतागुंतीचं होत जातं. फॉरेस्टचे खोल झाडांचे आकडे उचलून इथे लावणं ही नेहमी दिसणारी चूक आहे.

प्रश्न: ओव्हरफिटिंग सुरू झालंय हे ओळखायचं कसं?

प्रत्येक झाडानंतरची चूक व्हॅलिडेशन डेटावर मोजायची. सायकिट-लर्नमध्ये त्यासाठी मॉडेल पुन्हा पुन्हा ट्रेन करावं लागत नाही:

```python
from sklearn.metrics import mean_squared_error

errs = [mean_squared_error(y_val, p)
        for p in model.staged_predict(X_val)]
best = int(np.argmin(errs)) + 1
```

ट्रेनिंगची चूक खाली खाली जातच राहणार, तिच्यावरून काही ठरत नाही. ट्रेनिंग आणि व्हॅलिडेशनमध्ये अंतर आहे एवढ्यावरूनही घाबरू नये. अंतर जवळजवळ नेहमीच असतं. बघायचं ते व्हॅलिडेशनची रेषा कुठे तळ गाठते. तळ अगदी शेवटच्या झाडावर असेल तर झाडं कमी पडली. तळ पंधराव्या-विसाव्या झाडावरच आला आणि नंतर रेषा झपाट्याने चढली, तर झाडं फार खोल आहेत किंवा पाऊल फार मोठं आहे. अशा वेळी त्या विसाव्या झाडावर थांबून समाधान मानू नये. खोली कमी करून आणि रेट कमी करून पुन्हा चालवलं तर तळ बहुधा आणखी खाली जातो. तळ गाठल्यावर रेषा लांबवर सपाट राहिली तर ती चांगली खूण: चार झाडं इकडेतिकडे झाल्याने फरक पडणार नाही.

एक सावधगिरी. थांबायची जागा ज्या डेटावर ठरवली, त्याच डेटावरचा आकडा ‘मॉडेल इतकं अचूक’ म्हणून सांगायचा नाही. तो डेटा निवडीत वापरला गेलाय. अंतिम आकड्यासाठी वेगळा टेस्ट डेटा राखून ठेवावा.

प्रश्न: व्हॅलिडेशनवर सगळं उत्तम दिसतं, तरी नव्या ठिकाणी मॉडेल सपशेल चुकतं. असं का?

बहुतेकदा डेटा वाटताना चूक झालेली असते. एकाच सोसायटीतले चाळीस फ्लॅट असतील आणि ओळी कशाही पिसून ट्रेनिंग आणि व्हॅलिडेशनमध्ये वाटल्या, तर त्या सोसायटीचे फ्लॅट दोन्हीकडे येतात. खोल झाड सोसायटीची खूण पाठ करतं आणि व्हॅलिडेशनमध्ये त्याबद्दल शाबासकी मिळवतं. त्यामुळे जास्त खोली आणि जास्त झाडं चांगली वाटायला लागतात, आणि थांबायची जागा उशिरा येते. सबंध सोसायटी एकतर इकडे किंवा तिकडे अशी वाटणी केली की खरी जागा दिसते. सायकिट-लर्नमध्ये `GroupKFold` यासाठीच आहे. डेटा काळानुसार येत असेल तर आधीचे महिने ट्रेनिंगला आणि नंतरचे व्हॅलिडेशनला.

प्रश्न: नावात ग्रेडियंट कुठून आलं? आपण तर नुसती वजाबाकी केली.

चुकीच्या वर्गाचा निम्मा हा लॉस धरला, तर अंदाजाच्या बाबतीत त्याचा ऋण ग्रेडियंट म्हणजे खरी किंमत वजा अंदाज, अगदी आपली वजाबाकी. स्टॅनफर्डचे जेरोम फ्रीडमन यांनी २००१ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ स्टॅटिस्टिक्स’मध्ये छापलेल्या लेखात हेच व्यापक केलं: लॉस कोणताही असो, प्रत्येक ओळीसाठी त्याचा ऋण ग्रेडियंट काढा आणि झाड त्यावर बसवा. लहान पावलाने नव्या डेटावरचे अंदाज सुधारतात हेही त्यांनी त्याच लेखात दाखवलं.

लॉस बदलला की उरलेल्या चुकीचा चेहरा बदलतो. निरपेक्ष चूक घेतली तर प्रत्येक ओळीकडून फक्त + किंवा − एवढंच कळतं, किती ते नाही, आणि पानात सरासरीऐवजी मध्यक भरतात. ओळखीने दिलेल्या फ्लॅटसारख्या ओळी डेटात भरपूर असतील तर हा किंवा ह्यूबर लॉस वापरून बघण्यासारखा असतो.

प्रश्न: हो-नाही अशा प्रश्नांत श्रिंकेजचं काम वेगळं असतं का?

काम तेच, पण तिथे पूर्ण पाऊल आणखी धोक्याचं. समजा १०० कर्जदारांपैकी २० जणांचं कर्ज थकलं. सुरुवातीची शक्यता ०.२, आणि मॉडेल ती लॉग-ऑड्समध्ये, म्हणजे थकण्याची शक्यता भागिले न थकण्याची शक्यता याच्या लॉगमध्ये, ठेवतं: −१.३८६. थकलेल्यांचा रेसिड्युअल ०.८, बाकीच्यांचा −०.२. एका पानात १० जण आले, त्यातले ६ थकलेले. रेसिड्युअलची बेरीज ४. पानाची किंमत काढताना तिला शक्यता × (१ − शक्यता) यांच्या बेरजेने, म्हणजे १.६ ने भागतात. आली २.५.

पूर्ण २.५ मिळवले तर लॉग-ऑड्स १.११४ होतात आणि शक्यता ०.७५. पानात प्रत्यक्ष प्रमाण तर ०.६ होतं! पाऊल लक्ष्याच्या पलीकडे पडलं, कारण ही किंमत अंदाजी सूत्राने काढलेली असते. ०.१ रेटने मिळवले तर शक्यता ०.२० वरून ०.२४ होते, आणि पुढची झाडं नवा हिशेब करून पुढे जातात.

प्रश्न: पानात ओळी कमी असतील तर आणखी काय करता येतं?

पानात किमान किती ओळी हव्यात ते सांगता येतं. लाइटजीबीएम या बूस्टिंगच्या लायब्ररीत ही मर्यादा मुळातच २० आहे, सायकिट-लर्नच्या `GradientBoostingRegressor` मध्ये १, म्हणजे मर्यादाच नाही.

एक्सजीबूस्ट या दुसऱ्या लायब्ररीचा मार्ग वेगळा आहे. चुकीच्या वर्गाच्या लॉसमध्ये पानाची किंमत रेसिड्युअलची बेरीज भागिले (ओळी + `lambda`) अशी काढतात आणि `lambda` मुळात १ असतो. एकट्या ओळीच्या पानात ६ ची चूक असेल तर किंमत ३ येते, निम्मी. पानात शंभर ओळी असतील तर किंमत एका टक्क्यानेच कमी होते. लर्निंग रेट सगळ्या पानांना सारखंच आखडतो. `lambda` मात्र एकट्यादुकट्यांना जास्त आखडतो, आणि आपल्याला भीती त्यांचीच असते.

याशिवाय प्रत्येक झाडाला ओळींचा अर्धा-पाऊण भागच दाखवायचा, हा फ्रीडमन यांचाच नंतरचा उपाय. `subsample` ०.५ ते ०.८ ठेवला की स्प्लिटच्या जागा झाडागणिक हलतात आणि सगळी झाडं एकाच ६२५ ला चिकटून बसत नाहीत. लहान लर्निंग रेटसोबत तो चांगला चालतो. एकटा वापरला तर फारसा भरवशाचा नाही.

प्रश्न: लायब्ररीचे मूळ आकडे तसेच ठेवले तर चालतात का?

सुरुवातीला चालतात, पण ते सारखे नसतात हे लक्षात ठेवा. सायकिट-लर्नच्या `GradientBoostingRegressor` मध्ये रेट ०.१, खोली ३, झाडं १००. एक्सजीबूस्टमध्ये रेट ०.३ आणि खोली ६, म्हणजे एका झाडाला ६४ पानांपर्यंत मुभा. काही हजार ओळींच्या डेटावर हे मला फार सैल वाटतं. लाइटजीबीएममध्ये रेट ०.१, पण खोलीला बंधन नाही. तिथे मर्यादा ३१ पानांची असते, आणि झाड जिथे फायदा दिसेल त्या एकाच फांदीवर खोल उतरू शकतं. तिथे `max_depth` ३ ची बरोबरी साधायची तर `num_leaves` ८ पर्यंत आणावा लागतो.

प्रश्न: याच मॉडेलला २००० चौरस फुटांच्या फ्लॅटचं भाडं विचारलं तर?

हजार फुटांच्या फ्लॅटला जे सांगेल तेच. शेवटचा स्प्लिट ९२५ वर आहे, त्याच्या उजवीकडे सगळे एकाच पानात. लर्निंग रेट, खोली, झाडांची संख्या, काहीही बदलून यात फरक पडत नाही, कारण पानात भरायला ट्रेनिंगमधल्याच ओळी असतात. अशा फ्लॅटांचे अंदाज हवेच असतील तर दर चौरस फुटाचं भाडं हे लक्ष्य धरावं, किंवा आधी सरळ रेषा बसवून तिच्या उरलेल्या चुकीवर बूस्टिंग लावावं.